धमन्या मोकळ्या, तरी हृदय आजारी

"डॉक्टर, अँजिओग्राफीत काहीच निघालं नाही. मग आईला सहा दिवस ॲडमिट कशाला ठेवलं?"

ओपीडीत समोर बसलेल्या मुलाचा डावा हात झोळीत होता आणि आवाजात राग होता. शेजारी त्याची आई बसली होती, वय ६४, राहणार कामोठे. बाईंना अजून थकवा होता, जिना चढताना मध्ये थांबावं लागत होतं. त्यांना त्याहून जास्त त्रास मात्र वेगळ्याच गोष्टीचा होता. घरातल्यांच्या खर्चाला आणि धावपळीला आपण उगाच कारण झालो, असं त्यांना वाटत होतं. "पोराला लागलं होतं, त्यात मी नाटक केल्यासारखं झालं," असं त्या म्हणाल्या.

त्यांनी नाटक केलं नव्हतं. त्यांच्या हृदयाच्या मुख्य कप्प्याचा निम्म्याहून अधिक भाग त्या रात्री आकुंचन पावायचा थांबला होता. या आजाराचं नाव टाकोत्सुबो. हुबेहूब हार्ट अटॅकसारखा दिसणारा, पण रक्तवाहिनीत गुठळी नसलेला हा आजार आहे. त्यातले बहुतेक रुग्ण बरे होतात, म्हणून त्याला किरकोळ समजलं जातं. माझं म्हणणं एवढंच आहे, की आपल्याकडे या रुग्णांबाबत दोन वाक्यांनी घोटाळा होतो. पहिलं वाक्य अँजिओग्राफीच्या आधी बोललं जातं: "टेन्शनमुळे होतंय." दुसरं अँजिओग्राफीनंतर: "काही निघालं नाही." दोन्ही वाक्यं महागात पडू शकतात. कशी, ते या बाईंच्याच गोष्टीतून सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

संध्याकाळी पावणेआठला त्यांना अनोळखी नंबरवरून फोन आला. मुलाची बाईक कळंबोलीजवळ घसरली होती. फोन करणाऱ्या भल्या माणसाला मुलाला किती लागलंय ते सांगता येत नव्हतं, फक्त "लवकर या" एवढंच तो म्हणाला. पुढची वीस मिनिटं मुलाचा फोन लागत नव्हता. नंतर तो लागला, मुलगा शुद्धीवर होता, कॉलरबोन मोडलं होतं, बाकी ठीक होता. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि त्यानंतर थोड्याच वेळात बाईंच्या छातीत जड वाटायला लागलं.

पित्ताचं औषध घेऊन झालं. शेजारणीने साखरपाणी दिलं आणि पाठीवरून हात फिरवत सांगितलं, "काकू, टेन्शन घेतलंत तुम्ही, जरा पडा." काकू दोन तास पडून राहिल्या. दहाच्या सुमाराला घाम फुटला, श्वास लागला, तेव्हा त्यांना आमच्या सरकारी रुग्णालयात आणलं गेलं. नाडी मिनिटाला ११०, रक्तदाब १५०/९०. ईसीजीत हृदयाच्या पुढच्या बाजूची रेघ ठळकपणे वर उचललेली होती. कोणत्याही डॉक्टरने तो कागद पाहून एकच शब्द उच्चारला असता: हार्ट अटॅक.

आम्हीही तोच उच्चारला, आणि ते बरोबरच होतं. हा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा. टाकोत्सुबो आणि मोठा हार्ट अटॅक यांतला फरक पहिल्या तासात लक्षणांवरून किंवा ईसीजीवरून खात्रीने करता येत नाही. धक्का बसल्यानंतर छातीत दुखायला लागलं म्हणजे हे 'मनाचं' आहे असं मानणं तर धोक्याचंच, कारण खरा हार्ट अटॅकही धक्क्यानंतर येऊ शकतो. एखाद्या रक्तवाहिनीत आधीपासून असलेला चरबीचा थर रक्तदाब वाढल्यामुळे फुटतो आणि त्यावर गुठळी धरते. म्हणून अशा रुग्णाला हार्ट अटॅकचा रुग्ण समजूनच वागवायचं असतं. बाईंना ॲस्पिरिनची गोळी चावायला दिली, बाकीची औषधं सुरू केली आणि १०८ च्या रुग्णवाहिकेतून कॅथलॅब असलेल्या जवळच्या रुग्णालयात पाठवलं. नवी मुंबईच्या या भागात ती सोय हाकेच्या अंतरावर आहे. जिथे ती वेळेत मिळणार नाही, तिथे गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन द्यावं लागतं. शंभरात एखाददुसरा टाकोत्सुबोचा रुग्ण त्यात सापडून त्याला गरज नसलेलं औषध मिळेल, रक्तस्रावाचा धोकाही पत्करावा लागेल. पण बाकीच्यांचं हृदय वाचवायचं असेल तर ही जोखीम घ्यावीच लागते.

त्या रात्री मनगटातून नळी घालून अँजिओग्राफी झाली. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या तिन्ही धमन्या मोकळ्या होत्या. नातेवाइकांना बाहेर येऊन हे सांगितलं गेलं आणि त्यांच्या लेखी गोष्ट तिथेच संपली. खरं तर ती तिथे सुरू होत होती. कारण त्याच नळीतून हृदयाच्या डाव्या कप्प्यात रंगद्रव्य सोडल्यावर पडद्यावर वेगळंच चित्र दिसलं. कप्प्याचा वरचा, म्हणजे तोंडाकडचा भाग जोरजोरात आवळत होता. खालचा टोकाकडचा भाग मात्र जागच्या जागी फुगून बसला होता. अरुंद मान आणि गोल पोट, आपल्या जुन्या घरांत पाण्याचा चंबू असायचा अगदी तसा. निरोगी डावा कप्पा प्रत्येक ठोक्याला आतल्या रक्तापैकी ५५ ते ६५ टक्के रक्त बाहेर टाकतो. बाईंचा आकडा ३५ होता.

आजाराचं नाव याच आकारावरून पडलं आहे. १९९० साली जपानमधल्या हिरोशिमाच्या डॉ. हिकारू सातो आणि सहकाऱ्यांनी असे रुग्ण प्रथम वर्णिले. तिकडचे कोळी ऑक्टोपस पकडायला जे मातीचं मडकं समुद्रात सोडतात, त्याला टाकोत्सुबो म्हणतात. ऑक्टोपस आत शिरतो आणि तिथेच दडून बसतो. त्या मडक्याची मान अरुंद आणि पोट मोठं असतं.

आता प्रश्न असा, की धमन्या मोकळ्या असताना स्नायू थांबला कसा? आणि हा हार्ट अटॅक नाही हे डॉक्टर कशावरून म्हणतात? कामोठ्यातल्या वाचकांना हे पाण्याच्या उदाहरणाने चटकन कळेल. एखाद्या सेक्टरच्या जलवाहिनीचा व्हॉल्व्ह बंद झाला, तर त्या वाहिनीवरच्या इमारती कोरड्या पडतात, शेजारच्या सेक्टरला पाणी येतच असतं. हार्ट अटॅक हा असा असतो. जी धमनी बंद झाली, तिच्या हद्दीतला स्नायू थांबतो. टाकोत्सुबोत मात्र थांबलेला भाग कुठल्याच एका धमनीच्या हद्दीत बसत नाही. तो दोन-तीन धमन्यांच्या इलाक्यांवर गोलाकार पसरलेला असतो. सगळ्या मोठ्या वाहिन्यांत पाणी आहे, पण तीन सेक्टरमधल्या इमारतींचे पंप एकाच वेळी बंद पडले आहेत, असं ते चित्र असतं. दुसरी खूण रक्ताच्या तपासणीत मिळते. स्नायूच्या पेशी मरतात तेव्हा ट्रोपोनिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं. बाईंचं ट्रोपोनिन वाढलं होतं, पण एवढा मोठा भाग गुठळीमुळे थांबला असता तर ते जितकं वाढायला हवं होतं, त्यामानाने फारच कमी. याचा अर्थ, बहुतेक पेशी मेल्या नव्हत्या, बधिर झाल्या होत्या.

बधिर कशाने, याचं पूर्ण उत्तर अजून हाती नाही, पण मुख्य संशयित पक्का आहे: ॲड्रेनॅलिन आणि त्याच्या कुटुंबातली रसायनं. २००५ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी मानसिक धक्क्यानंतर असा आजार झालेल्या रुग्णांच्या रक्तात ही रसायनं मोजली. खऱ्याखुऱ्या गंभीर हार्ट अटॅकच्या रुग्णांपेक्षाही ती दोन-तीन पट निघाली. ॲड्रेनॅलिन एरवी हृदयाला पळवतं. पण डाव्या कप्प्याच्या टोकाकडे त्याला प्रतिसाद देणारी केंद्रं जास्त दाट असतात आणि मात्रा फार वाढली की तीच केंद्रं उलटा, म्हणजे ब्रेक लावण्याचा संदेश देऊ लागतात, असं प्रयोगांतून दिसतं. त्याच वेळी अँजिओग्राफीत न दिसणाऱ्या अगदी बारीक रक्तवाहिन्याही आवळतात. एका अर्थाने हृदयाने स्वतःला जळण्यापासून वाचवण्यासाठी फ्यूज उडवून घेतलेला असतो.

हा आजार मुख्यतः पाळी गेलेल्या स्त्रियांना होतो. २०१५ साली युरोप आणि अमेरिकेतल्या २६ केंद्रांनी मिळून १७५० रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यात ९० टक्के स्त्रिया होत्या आणि सरासरी वय ६७ च्या आसपास होतं. इस्ट्रोजेन हे संप्रेरक रक्तवाहिन्यांना ॲड्रेनॅलिनच्या माऱ्यापासून काही प्रमाणात जपतं आणि पाळी गेल्यावर ते संरक्षण जातं, हे त्यामागचं संभाव्य कारण मानलं जातं.

याच नोंदीतली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. वर्तमानपत्रांत या आजाराला 'हार्टब्रेक' किंवा 'भग्नहृदय' असं नाव मिळालं आहे आणि त्यामुळे तो केवळ दुःखाचा आजार आहे असा समज झाला आहे. प्रत्यक्षात त्या रुग्णांपैकी जेमतेम २८ टक्क्यांमध्ये मानसिक धक्का हे कारण होतं. शारीरिक आघाताचं कारण त्याहून अधिक, ३६ टक्क्यांमध्ये होतं: दम्याचा जोरदार झटका, शस्त्रक्रिया, गंभीर जंतुसंसर्ग, हाड मोडणं, मेंदूतला रक्तस्राव. पुरुषांत तर शारीरिक कारणच प्रामुख्याने दिसतं. आणि २८ टक्क्यांच्या आसपास रुग्णांत कोणतंच कारण सापडलं नाही. मोजक्या रुग्णांत तर आनंदाचा प्रसंग, अचानक ठरवलेली वाढदिवसाची पार्टी किंवा नातवंडाचा जन्म, एवढंच निमित्त होतं. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये जपानच्या निगाता प्रांतात भूकंप झाला, त्यानंतरच्या आठवड्यांत तिथे या आजाराचे रुग्ण एकदम वाढले. तिथे भीती, जखमा, उघड्यावरचा मुक्काम हे सारं एकत्र होतं. त्यामुळे "तुम्हाला काही दुःख झालं होतं का?" या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं, म्हणून टाकोत्सुबो नाही असं होत नाही. आणि ज्याला झाला तो माणूस मनाने कच्चा, असंही होत नाही.

आता पुन्हा त्या बाईंकडे येऊ. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांचा रक्तदाब ८६/६० वर आला. हात-पाय गार पडले. अशा वेळी हृदयाचा जोर वाढवणारं औषध सलाईनमधून सुरू करणं ही नेहमीची पद्धत. तिथल्या हृदयरोगतज्ज्ञांनी ते सुरू होण्याआधी छातीवर स्टेथोस्कोप ठेवला आणि आदल्या रात्री नसलेला खरखरीत आवाज त्यांना ऐकू आला. ताबडतोब पलंगाशेजारीच टूडी इको केला. कप्प्याचं टोक बंद पडलं असल्याने वरचा भाग इतक्या जोरात आवळत होता, की रक्त बाहेर जाण्याची वाटच अरुंद झाली होती. टाकोत्सुबोच्या शंभर रुग्णांपैकी दहा ते वीस जणांमध्ये असं होतं. यात जोर वाढवणारं औषध दिलं की वाट आणखी आवळते आणि रक्तदाब आणखी पडतो. बाईंना ते दिलं नाही. उलट हळूहळू सलाईन आणि हृदयाचा वेग कमी करणाऱ्या बीटा ब्लॉकर औषधाची अगदी लहान मात्रा दिली. रक्तदाब उतरलेल्या माणसाला रक्तदाब उतरवणारं औषध! पण दुपारपर्यंत तो १०४ वर आला.

"सहा दिवस कशाला ठेवलं?" या प्रश्नाचं उत्तर या पहाटेत आहे. तिसऱ्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली. ईसीजीतली उचललेली रेघ खाली बसली, पण तिच्या जागी खोल उलट्या लाटा आल्या आणि प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ लांबला. ही या आजाराची नेहमीची चाल आहे. वेळ फार लांबला तर हृदयाची लय बिघडून जीवघेणी गडबड होऊ शकते. काही साधी वाटणारी औषधं, उलटीवरची, काही अँटिबायोटिक्स, ही वेळ आणखी वाढवतात, म्हणून ती टाळावी लागतात. फुगलेल्या, न हलणाऱ्या टोकात रक्त साचून गुठळी होऊ शकते, तीही इकोमध्ये शोधावी लागते. वर सांगितलेल्या नोंदीत रुग्णालयात असतानाच दगावलेल्यांचं प्रमाण चार टक्क्यांच्या जवळपास होतं, म्हणजे ते हार्ट अटॅकच्या रुग्णांपेक्षा फारसं कमी नव्हतं. पहिल्या काही दिवसांतला धोका दोघांचा जवळपास सारखाच असतो.

फरक पडतो तो त्यानंतर. हार्ट अटॅकमध्ये मेलेल्या स्नायूच्या जागी व्रण राहतो. टाकोत्सुबोत स्नायू जागा होतो. सहाव्या दिवशी बाई घरी गेल्या तेव्हा ३५ चा आकडा ४५ झाला होता. पाचव्या आठवड्यात पुन्हा इको केला तेव्हा तो ६० होता आणि चंबूचा मागमूस उरला नव्हता. बहुतेकांची गाडी अशीच, काही दिवस ते काही आठवड्यांत रुळावर येते. हा दुसरा इको करायलाच हवा, कारण निदानावर शिक्का तोच मारतो. आकडा सुधारला नाही तर निदान चुकलं असण्याची शक्यता असते, मग स्नायूची सूज किंवा दुसरा आजार शोधावा लागतो.

माझी तक्रार दुसऱ्या वाक्याबद्दल आहे ती इथे. "काही निघालं नाही" म्हटलं की तीन गोष्टी होतात. रुग्ण दुसऱ्या इकोला येतच नाही. थकवा आणि धाप, जी आकडा सुधारल्यावरही काही महिने राहू शकते, तिला घरात कुणी खरं मानत नाही. आणि डिस्चार्ज कार्डावर 'हार्ट अटॅक, धमन्या नॉर्मल' असं काहीतरी मोघम लिहिलं जातं. त्या कार्डावर पुढची दहा वर्षं कुणी रक्त पातळ करणाऱ्या दोन-दोन गोळ्या चालू ठेवतो, ज्यांची धमन्या खरोखरच निरोगी असतील तर सहसा गरज नसते. तर कुणी सगळंच बंद करतो. दर वर्षी शंभरातल्या साधारण दोघांना हा आजार पुन्हा होतो. तो हमखास टाळणारं औषध आज सिद्ध झालेलं नाही. म्हणून तर पुढच्या डॉक्टरला त्याची माहिती असणं हेच मोठं संरक्षण आहे. याच बाईंचं उद्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, तर भूल देणाऱ्या डॉक्टरला 'टाकोत्सुबो' हा शब्द वाचायला मिळाला पाहिजे. दम्यासाठी त्यांना वाफ देताना, ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन देण्याची वेळ आली तर ते देताना, समोरच्याने हृदयावर लक्ष ठेवलं पाहिजे.

तेव्हा आम्हा डॉक्टरांकडून दोन गोष्टी व्हायला हव्यात. आजाराचं नाव डिस्चार्ज कार्डावर स्पष्ट लिहायचं आणि चार ते सहा आठवड्यांनंतरच्या इकोची तारीख त्याखाली घालायची. अँजिओग्राफीनंतर बाहेर येऊन "ब्लॉक नाही, पण हृदयाचा स्नायू बधिर झाला आहे, पुढचे तीन-चार दिवस जोखमीचे आहेत" हे सांगायला अर्धं मिनिट लागतं. सरकारी रुग्णालयांत गर्दी असते, मला माहीत आहे, मी तिथेच काम करतो. तरीही ते अर्धं मिनिट काढता येतं. आणि घरच्यांनी एवढंच करावं: छातीत जड वाटणाऱ्या, घाम फुटलेल्या, श्वास लागलेल्या आईला किंवा काकूंना "टेन्शन घेतलंस" म्हणून झोपवू नये. टेन्शन असेलही, पण ते ठरवण्याआधी ईसीजी झाला पाहिजे. कामोठ्यातल्या या काकूंचे दोन तास साखरपाण्यात गेले. टाकोत्सुबो होता म्हणून त्या दोन तासांत स्नायू मेला नाही. धमनी बंद असती तर मेला असता.

मुलाला मी दोन्ही इकोची चित्रं शेजारी शेजारी ठेवून दाखवली, आधी चंबू, मग नीट आवळणारा कप्पा. तो बराच वेळ पाहत राहिला. मग आईकडे वळून म्हणाला, "एवढं झालं होतं तर बोलली का नाहीस?"

"तुलाच लागलं होतं ना," बाई म्हणाल्या.